हप्ता एक तारखेला की महिनाअखेरीस? शेवटच्या रकमेतला फरक स्वतः कसा मोजायचा

२ एप्रिलला माझा मावसभाऊ पासबुक घेऊन अमळनेरला घरी आला. पारोळा तालुक्यात शिक्षक आहे. मागच्या एप्रिलमध्ये त्याने पीपीएफ खातं उघडलं आणि दरमहा ५,००० रुपये भरले. बारा महिने, बारा हप्ते, एकही चुकला नाही. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरने वर्षाचं व्याज २,३०७ रुपये दाखवलं होतं. पासबुकात त्यापेक्षा ३५५ रुपये कमी पडले होते. चहा यायच्या आत त्याने विचारलं, "भो, मन्हा पैसा कमी काबर उनात?"

कुणी काही खाल्लं नव्हतं. कॅल्क्युलेटर बरोबर होता आणि पासबुकही बरोबर होतं. पगार दहा तारखेला व्हायचा, म्हणून हा दहा तारखेला भरायचा. कॅल्क्युलेटरने मात्र प्रत्येक हप्ता महिन्याच्या सुरुवातीला आला असं धरलं होतं. मी बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गात वाणिज्याची गणितं शिकवली. तिथली मुलं आणि पासबुक घेऊन येणारी मोठी माणसं नेमक्या याच जागी अडकतात. सूत्र पाठ असतं, पण कोणतं कधी लावायचं ते कळत नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. सूत्र पाचव्या टप्प्यावर येतं, त्याला कारण आहे.

## आधी जवळ काय घेऊन बसायचं

कागद, पेन्सिल, पासबुक आणि मोबाईलमधला साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. गणित सुरू करण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहून काढा: हप्ता किती, एकूण हप्ते किती, वार्षिक व्याजदर किती, व्याज मुद्दलात कधी मिळवतात (दरमहा, तीन महिन्यांनी की वर्षाने) आणि पैसे कोणत्या तारखेला मोजायचे.

पहिल्या तीन गोष्टी सगळे लिहितात. चौथी निम्मे लोक विसरतात. पाचवी जवळपास कुणीच लिहीत नाही, आणि सगळी गडबड तिच्यातच असते.

## टप्पा १: रेघ ओढा आणि हप्त्यांचे ठिपके मांडा

कागदावर एक आडवी रेघ ओढा. १ जानेवारीला पहिली उभी खूण करा, १ फेब्रुवारीला दुसरी, असं करत पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत जा. खुणा तेरा होतील आणि त्यांच्यामधले महिने बारा. केळीच्या बागेला कुंपण घालताना बारा गाळ्यांना तेरा खांब लागतात, तसंच हे.

आता हप्त्यांचे ठिपके द्या. महिन्याच्या सुरुवातीला भरणाऱ्याचे ठिपके पहिल्या खुणेपासून बाराव्या खुणेपर्यंत येतात आणि तेरावी खूण रिकामी राहते. महिनाअखेरीस भरणाऱ्याची पहिली खूण रिकामी असते आणि ठिपके दुसऱ्या खुणेपासून तेराव्यापर्यंत येतात. ३१ जानेवारीची संध्याकाळ आणि १ फेब्रुवारीची सकाळ हिशेबाच्या दृष्टीने एकच खूण आहे, हे इथे पक्कं करून घ्या.

रेघेकडे नीट पाहिलं की कळतं, मधले अकरा ठिपके दोघांचे सारखेच आहेत. फरक फक्त दोन टोकांना आहे. सुरुवातीला भरणाऱ्याचा एक हप्ता अगदी डावीकडे आहे आणि तो पूर्ण वर्षभर व्याज कमावतो. अखेरीस भरणाऱ्याचा तोच एक हप्ता अगदी उजवीकडे आहे आणि मोजणीच्या दिवशीच येत असल्याने त्याला एक पैसाही व्याज मिळत नाही.

इथे चूक होते: दोन्ही टोकांना ठिपका दिला जातो आणि हप्ते तेरा होतात. पेन्सिल टेकवून ठिपके मोजा. बारा नसतील तर पुढे जाऊ नका.

दुसरी चूक: सुरुवातीला भरणाऱ्याचा हिशेब १ डिसेंबरला, म्हणजे शेवटचा हप्ता टाकला त्याच दिवशी थांबवला जातो. तसं केलं तर रक्कम महिनाअखेरच्या हिशेबाएवढीच येते आणि माणूस म्हणतो, "फरक तर काहीच नाही." फरक येतो तो शेवटचा हप्ता आणि पैसे मोजायचा दिवस यांच्यामधल्या एका महिन्यामुळे. तुम्ही महिन्याच्या कोणत्या तारखेला भरता यापेक्षा हे अंतर जास्त महत्त्वाचं आहे. सातव्या टप्प्यात याचा प्रत्यय येईल.

## टप्पा २: दर महिन्याच्या मापाने लिहा

हप्ता महिन्याचा असेल तर दरही महिन्याचा हवा. व्याज दरमहा मुद्दलात मिळत असेल तर वार्षिक दराला १२ ने भागा. १२ टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला १ टक्का, दशांशात ०.०१.

पुढच्या उदाहरणात मी हाच दर घेतला आहे, केवळ आकडे डोक्यात बसावेत म्हणून. कुणी बचतीवर १२ टक्के खात्रीने देतो म्हणत असेल तर त्याचा हिशेब या लेखाने होणार नाही.

व्याज तीन महिन्यांनी मिळत असेल तर १२ ने भागणं चुकतं. त्याची रीत आवर्ती ठेवीपाशी येईल.

## टप्पा ३: तीन महिने हाताने करा

हा टप्पा लोक गाळतात, कारण तो पोरकट वाटतो. गाळू नका. हप्ता २,००० रुपये, महिन्याला १ टक्का, महिने फक्त तीन.

महिनाअखेरीस भरणारा: पहिल्या महिन्याच्या शेवटी खात्यात २,०००. दुसऱ्या महिन्यात त्यावर २० रुपये व्याज आणि नवा हप्ता २,०००, झाले ४,०२०. तिसऱ्या महिन्यात ४० रुपये २० पैसे व्याज आणि पुन्हा २,०००, झाले ६,०६०.२०. इथेच मोजणी.

सुरुवातीला भरणारा: पहिल्या दिवशी २,०००, महिनाअखेर २,०२०. लगेच दुसरा हप्ता, ४,०२०. महिनाअखेर ४,०६०.२०. तिसरा हप्ता, ६,०६०.२०. महिनाअखेर त्यावर ६०.६० व्याज, म्हणजे ६,१२०.८०.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. ४,०२० दोन्हीकडे आहे, ६,०६०.२० पण दोन्हीकडे आहे. सुरुवातीला भरणारा ज्या क्षणी ६,०६०.२० वर पोचतो, तिथे अखेरवाला महिनाभर उशिरा पोचतो. तेवढ्या महिन्यात पहिल्याच्या पूर्ण रकमेवर एकदा व्याज चढतं. ६,०६०.२० चा एक टक्का ६०.६०. दोघांतला सगळा फरक एवढाच आहे.

तपासणी: तुमचा फरक अखेरच्या रकमेच्या बरोबर एक टक्का (म्हणजे एक महिन्याच्या दराएवढा) आला का? आला नसेल तर कुठेतरी एक हप्ता जास्त किंवा कमी धरला गेला आहे.

## टप्पा ४: ६६ आणि ७८ चा पडताळा

आता बारा महिने घेऊ. सूत्राआधी एक अंदाज काढून ठेवायचा, म्हणजे नंतर मोबाईलवर भलतं बटण दाबलं तरी ओळखू येतं.

महिनाअखेरीस भरणाऱ्याचा पहिला हप्ता ११ महिने व्याज कमावतो, दुसरा १०, असं करत शेवटचा शून्य. ११ पासून शून्यापर्यंतची बेरीज ६६. सुरुवातीला भरणाऱ्याचा पहिला हप्ता १२ महिने, शेवटचा १ महिना. १२ पासून १ पर्यंतची बेरीज ७८.

२,००० रुपयांवर महिन्याचं व्याज २० रुपये. अखेरवाल्याचे ६६ × २० = १,३२०. सुरुवातवाल्याचे ७८ × २० = १,५६०. फरक १२ × २० = २४०. ह्यात व्याजावरचं व्याज नाही, म्हणून खरा आकडा थोडा वर येईल. पण तो २०० किंवा ५०० येणार नाही, हे आत्ताच ठरलं.

हे दोन आकडे पाठ करून ठेवा. वर्षभराच्या बारा हप्त्यांना, कोणत्याही रकमेला आणि कोणत्याही दराला ते चालतात. भावाचं कोडंही त्यांनीच सुटलं.

## टप्पा ५: आता सूत्र

```
A = P × [ (1 + i)^n − 1 ] / i
D = A × (1 + i)
```

A ही महिनाअखेरच्या हप्त्यांची शेवटची रक्कम, D ही सुरुवातीच्या हप्त्यांची. P हप्ता, i महिन्याचा दर दशांशात, n हप्त्यांची संख्या.

कॅल्क्युलेटरवर क्रम असा ठेवा. आधी १.०१ चा बारावा घात काढा: १.१२६८२५. त्यातून १ वजा करा: ०.१२६८२५. ०.०१ ने भागा: १२.६८२५. मग २,००० ने गुणा: २५,३६५. ही A. तिला १.०१ ने गुणलं की D मिळते: २५,६१८.६६. फरक २५३ रुपये ६५ पैसे. अंदाज २४० चा होता, म्हणजे आकडा पटण्यासारखा आहे.

हा फरक टोकांवरूनही निघतो. डावीकडचा २,००० चा हप्ता वर्षात २,२५३.६५ होतो, उजवीकडचा २,००० च राहतो. वजाबाकी २५३.६५. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, तर गणित बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

नावाने फसू नका. वाणिज्याच्या पुस्तकात महिनाअखेरच्या प्रकाराला "इमिजिएट ॲन्युइटी" म्हणतात आणि सुरुवातीच्या प्रकाराला "ॲन्युइटी ड्यू". "इमिजिएट" म्हणजे लगेच, म्हणून मुलं ते सुरुवातीला लावतात आणि परीक्षेत गुण घालवतात. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण अर्थ उलटा लागतो. मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात "इमिजिएट = अखेर" असं वर्षभर न पुसता ठेवायचो.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: मुदत वाढली की फरक वाढतो का? रुपयांत वाढतो. हेच २,००० पाच वर्षं भरले तर A होते १,६३,३३९ आणि D १,६४,९७३, फरक १,६३३ रुपये. पण एकूण रकमेच्या मानाने तो १ टक्काच राहतो, मुदत कितीही असो. व्याजाच्या मानाने पाहिलं तर गंमत उलटी आहे. एका वर्षात अखेरवाल्याचं व्याज १,३६५ होतं, त्यावर २५४ जास्त म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक. पाच वर्षांत व्याज ४३,३३९ आणि त्यावर १,६३३ जास्त, म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. मुदत छोटी असेल तेव्हा तारीख जास्त बोलते.

## टप्पा ६: शीटमध्ये टाकताना शेवटचा आकडा विसरू नका

एक्सेल असो वा गुगल शीट, दोन्हीत `FV` हे फंक्शन आहे.

```
=FV(1%,12,-2000,0,0)
=FV(1%,12,-2000,0,1)
```

पहिलं २५,३६५.०१ देतं, दुसरं २५,६१८.६६. कंसातला शेवटचा `0` म्हणजे महिनाअखेर, `1` म्हणजे सुरुवात. तो आकडा लिहिलाच नाही तर शीट गुपचूप `0` धरतं. कुठलीही चूक दाखवत नाही, लाल होत नाही, उत्तर मात्र महिनाअखेरचं देतं. हप्त्याच्या आधीची वजा खूण खिशातून गेलेल्या पैशांची आहे. ती लिहायची राहिली तर उत्तर वजा येईल, आकडा तोच राहील.

संकेतस्थळांवरचे तयार कॅल्क्युलेटर काय धरतात ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. त्यावर उपाय सोपा आहे. मुदत एकच महिना टाकून बघा. १,००० रुपये, १२ टक्के, एक महिना. उत्तर १,००० आलं तर तो अखेरचा हिशेब करतो, १,०१० आलं तर सुरुवातीचा. काही कॅल्क्युलेटर वर्षापेक्षा कमी मुदत घेत नाहीत. तिथे वर्षाचं व्याज एका हप्त्याच्या महिन्याच्या व्याजाच्या ६६ पटीजवळ बसतं की ७८ पटीजवळ, ते पाहायचं.

## टप्पा ७: आपल्या खात्याचा नियम कोणत्या प्रकारात बसतो ते ओळखा

इथवरचं गणित कागदावरचं होतं. खरं खातं "सुरुवात" आणि "अखेर" असे शब्द वापरत नाही, ते तारखांचा नियम सांगतं. तो नियम रेघेवर मांडायचा.

पीपीएफ. इथे महिन्याचं व्याज हे ५ तारखेचा व्यवहार बंद झाल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात, आणि वर्षाचं सगळं व्याज ३१ मार्चला जमा करतात. म्हणजे ५ तारखेपर्यंत आलेला हप्ता त्याच महिन्याचं व्याज मिळवतो, तो झाला सुरुवातीचा. ६ तारखेला आलेला पुढच्या महिन्यापासून धरला जातो, तो झाला अखेरचा. ६ काय, १० काय आणि ३० काय, सगळे सारखेच. १० तारखेला घाई करून भरलं म्हणून ३० तारखेपेक्षा काही जास्त मिळत नाही.

आता भावाचा हिशेब. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. ५,००० रुपयांवर महिन्याचं व्याज २९ रुपये ५८ पैसे. वर्षाच्या आत व्याजावर व्याज नाही, म्हणून ६६ आणि ७८ इथे अंदाज न राहता थेट उत्तर देतात. ७८ ने गुणलं तर २,३०७.५०, हा कॅल्क्युलेटरचा आकडा. ६६ ने गुणलं तर १,९५२.५०, हा पासबुकातला. फरक ३५५, म्हणजे ५,००० वरचं एका वर्षाचं पूर्ण व्याज. पुन्हा तोच एक हप्ता, डावीकडून उजवीकडे गेलेला.

पंधरा वर्षं असंच १० तारखेला भरत राहिला आणि दर ७.१ च राहिला, तर शेवटी सुमारे ८,९९० रुपये कमी येतील. शीटमध्ये टाकायचं तर हे एवढंच आहे:

```
=5000*((1+7.1%)^15-1)
```

दर तीन महिन्यांनी सरकार दराचा आढावा घेतं, त्यामुळे हा आकडा आजच्या दराचा समजा.

सावध: चेकने भरत असाल तर चेक टाकला ती तारीख धरत नाहीत, पैसे जमा झाले ती धरतात. ४ तारखेला चेक टाकून निर्धास्त झालेल्यांचे कितीतरी हप्ते अखेरच्या प्रकारात जातात. ५ तारीख रविवारी येते तेव्हा खिडकीवर भरणाऱ्यानेही आधीच जायला हवं. पासबुकात नोंदीची तारीख वाचा, पावतीवरची नको.

ज्यांचं उत्पन्न महिन्याचं नाही, त्यांनी हप्त्याच्या नादी लागायची गरजही नाही. यावल-रावेरकडे केळीचे पैसे कटाईनंतर येतात, धुळ्याकडे कापसाचे हंगामात. हातात ६०,००० असतील आणि ते ५ एप्रिलपर्यंत एकदम भरले, तर वर्षाचं व्याज ४,२६० होतं. तेच बारा हप्त्यांत वेळेवर भरले तरी २,३०७. मात्र हे पैसे पुढे खताला किंवा मजुरीला लागणार असतील तर ते तिथे अडकवू नयेत, कारण पीपीएफमधून ते सहज परत निघत नाहीत.

टपाल खात्याची आवर्ती ठेव. इथे नियम वेगळा. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं उघडलं असेल तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या १५ पर्यंत भरायचे. त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. चुकलं तर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड. ठरलेल्या मुदतीत तुम्ही २ तारखेला भरा की १४ तारखेला, शेवटी मिळणारी रक्कम तीच.

मग ही ठेव सुरुवातीची की अखेरची? रेघ ओढा. समजा २० जानेवारीला खातं उघडलं. पहिला हप्ता त्याच दिवशी गेला. साठावा हप्ता पाचव्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये, आणि पैसे मिळतात त्यानंतरच्या २० जानेवारीला. शेवटचा हप्ता आणि मोजणीचा दिवस यांत एक महिना आहे. म्हणजे हप्ते महिन्याच्या २० तारखेला जात असले तरी हिशेब सुरुवातीचाच. पहिल्या टप्प्यात अंतर पाहा म्हटलं होतं, ते यासाठी.

इथे व्याज तीन महिन्यांनी मुद्दलात मिळतं, म्हणून दर असा काढायचा: वार्षिक दराला ४ ने भागायचं, त्यात १ मिळवायचा, त्याचं घनमूळ काढायचं आणि त्यातून १ वजा करायचा. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या ६.७ टक्के दराने २,००० चा हप्ता:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1,60,-2000,0,1)
```

उत्तर सुमारे १,४२,७३२. टपाल खात्याच्या तक्त्याशी रुपया-दोन रुपयांचा फरक पडू शकतो, तो पूर्णांक करण्याचा. पण शेवटचा `1` विसरलात तर १,४१,९४४ येईल, म्हणजे ७८८ रुपये कमी. दर सरळ १२ ने भागलात तर १,४२,८७३ येईल, म्हणजे १४१ जास्त. फरक शेकड्यात दिसला की या दोनपैकी कोणती चूक झाली ते रकमेवरूनच ओळखता येतं. दोन्ही एकदम केल्या तर मात्र आकडे एकमेकांत मिसळतात आणि शोधणं अवघड होतं, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा.

## टप्पा ८: कर्ज असेल तर गुणाकार उलटा

हे थोडक्यात, कारण तो स्वतंत्र विषय आहे. बचतीत लवकर भरलं की रक्कम वाढते. कर्जात लवकर भरलं की हप्ता कमी व्हायला हवा. १,००,००० रुपये, १२ टक्के, १२ महिने. हप्ता महिन्याच्या शेवटी असेल तर ८,८८५ रुपये. सुरुवातीला असेल तर त्याला १.०१ ने भागायचं, ८,७९७ होतात.

दुचाकी किंवा ट्रॅक्टर घेताना "पहिला हप्ता आजच द्या" असं सांगतात तेव्हा हे आठवा. पहिला हप्ता आज घेतला आणि हप्त्याची रक्कम मात्र ८,८८५ च ठेवली, तर तुमच्या हाती प्रत्यक्षात ९१,११५ रुपये येतात आणि त्यावर ११ हप्ते जातात. कागदावर १२ टक्के लिहिलेलं असलं तरी हा दर वर्षाला १४.२ टक्क्यांच्या आसपास बसतो. सही करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: हप्ता आज घेणार असाल तर त्याची रक्कम आगाऊ हप्त्याच्या हिशेबाने काढली आहे का?

## भावाचं काय केलं

पगार दहालाच होणार, त्यावर त्याचा इलाज नाही. पण रेघ पाहिल्यावर त्याच्याच लक्षात आलं की दर महिन्याला काही वेगळं करायची गरज नाही, एकदाच एक हप्ता पुढे सरकवायचा आहे. बचत खात्यात थोडे पैसे होते. त्यातले ५,००० त्याने ४ एप्रिलला मोबाईलवरून पीपीएफमध्ये टाकले आणि पासबुकात तारीख दिसते का ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. १० एप्रिलच्या पगारातले ५,००० आता बचत खात्यात थांबतात आणि ३ मेला जातात. बँकेत दर महिन्याच्या ३ तारखेची सूचना देऊन ठेवली आहे.

त्या पंधरापैकी उरलेल्या १४ वर्षांचा फरक त्याने स्वतः काढला, वरच्या ओळीत १५ च्या जागी १४ टाकून. ८,०६२ रुपये आले. मग पहिल्या वर्षाचे ३५५ परत मिळतील का, असं विचारत होता. ते मिळणार नाहीत.